चिऱ्याच्या न्हाणीत गिझर: भिंत, व्हॉल्व्ह आणि अर्थिंग

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ आमचे चिऱ्याचे घर आहे. न्हाणीघरात 15 लिटरचा साठवणीचा गिझर लावायचा आहे. मिस्त्री म्हणतात, नेहमीच्या गिट्ट्या मारून टांगू. खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकले तर त्याला टोपी लावू. आणि सॉकेट तीन पिनांचे आहे, म्हणजे अर्थिंग आहेच. घरी आई-वडील दोघेच असतात, म्हणून धाकधूक वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर:

मिस्त्रींना दोन आठवडे थांबायला सांगा. त्यांचा पहिला सल्ला काँक्रीटच्या भिंतीत चालून गेला असता, चिऱ्यात चालत नाही. दुसरा कुठल्याच भिंतीवर चालत नाही. तिसऱ्यात सॉकेटला तीन भोके आहेत एवढेच खरे आहे. त्या तिसऱ्या भोकामागे काय आहे, हे कोणी पाहिलेले दिसत नाही. मी गेली 22 वर्षे रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात वायरिंगची आणि नळाची कामे घेतो, आणि माझा अनुभव असा की गिझर स्वतः क्वचितच दगा देतो. दगा देतात त्या त्याच्या मागच्या, खालच्या आणि जमिनीतल्या गोष्टी, ज्या गिझर टांगल्यानंतर कोणाला दिसत नाहीत. त्या आधी तयार करायच्या आणि मग खोके उघडायचे, असा माझा क्रम असतो.

काही गोष्टी घर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. न्हाणीघरावर स्लॅब आहे की कौले, दाराच्या उंचीवर लिंटेलची काँक्रीट पट्टी भिंतभर फिरवली आहे की फक्त दारावर आहे, पाण्याची टाकी गिझरच्या किती वर आहे, पुढे कधी प्रेशर पंप बसवायचा विचार आहे का, आणि घर सड्यावर आहे की आगरात, यावर पुढचे बरेच काही ठरते. म्हणून मी कारणांसकट लिहितो, म्हणजे तुमच्या घराला काय लागू पडते ते तुम्हाला ताडून पाहता येईल.

जागेपासून सुरुवात करू, कारण ती चुकली तर बाकीचे सुधारून फारसा उपयोग होत नाही. आंघोळीला बसणाऱ्याच्या किंवा शॉवरखाली उभे राहणाऱ्याच्या डोक्यावर गिझर नको, आणि दारावरही नको. शॉवरच्या किंवा नळाच्या जागेपासून आडवे मोजून निदान दोन फूट अंतर आणि गिझरचा तळ जमिनीपासून सुमारे 6 फुटांवर, एवढे छोट्या न्हाणीघरातही बहुधा जमते. उभ्या गिझरचा हीटर, थर्मोस्टॅट आणि अॅनोड रॉड तळाच्या झाकणातून बाहेर निघतात, म्हणून तळाखाली फूटभर जागा मोकळी ठेवावी. तिथे टॉवेलचा दांडा किंवा फळी ठोकली, तर पुढे साध्या दुरुस्तीसाठीही अख्खा गिझर उतरवावा लागतो. कौलारू न्हाणीत आणखी एक पथ्य आहे. पडवीच्या बाजूला छप्पर उतरते आणि तिथेच कोपरा रिकामा असल्यामुळे गिझर तिकडे ढकलला जातो, पण श्रावणात कौल सरकून गळती सुरू झाली की पहिला थेंब त्याच कोपऱ्यात पडतो. शक्य तर मधल्या भिंतीवर, छप्पर उंच असलेल्या बाजूला जागा शोधा.

सॉकेट गिझरशेजारी, त्याच्याच उंचीवर आणि पाणी उडण्याच्या विरुद्ध बाजूला घ्यावे. बटण मात्र आत ठेवू नये. न्हाणीघराच्या बाहेर, दाराजवळ, 20 अँपिअरचा डीपी स्विच बसवावा. डीपी म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा. आपल्याकडे वादळानंतर तारा पुन्हा जोडताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाल्याचे मी पाहिले आहे, आणि तसे झाले की एकाच तारेवरचा साधा स्विच बंद करूनही गिझरमध्ये वीज राहते. आई-वडिलांसाठी नियम एकच असावा: पाणी तापले की बाहेरचा स्विच बंद, त्यावरचा दिवा विझला हे बघायचे, मगच आत जायचे.

आता भिंत. 15 लिटरचा गिझर रिकामा साधारण 9-10 किलोचा असतो, म्हणजे भरल्यावर 25 किलोच्या आसपास. हा आकडा भीतिदायक नाही. पण हे वजन भिंतीला चिकटून नसते, ते भिंतीपासून सहा-सात इंच पुढे असते, त्यामुळे वरचे हुक खाली ओढले जातात तसेच बाहेरही खेचले जातात. काँक्रीटमधला फास्टनर हे सहज सोसतो, कारण तो आत फुलून कडक भोकाच्या कडांवर दाबून बसतो. चिऱ्याचा जांभा दगड तसा नाही. त्यात पोकळ्या असतात, मधेच पिवळट मातीच्या गाठी असतात, आणि फास्टनर फुलू लागला की त्याला धरून ठेवण्याऐवजी दगडच चुरतो. घट्ट करताना पाना काही वेळ जड जातो आणि मग एकाएकी हलका फिरू लागतो. ते घट्ट झाल्याचे नव्हे, आतला चिरा फुटल्याचे लक्षण आहे. प्लास्टिकच्या गिट्टीचे तर बोलायलाच नको, ती बऱ्याचदा गिलाव्याच्याच जीवावर उभी असते.

भोक पाडतानाच दगड आपले गुण सांगतो. ड्रिल हातोड्याच्या मोडवर न ठेवता नुसते फिरवत न्यावे आणि खाली काय पडते ते पाहावे. लाल, कोरडी भुकटी सारखी पडत राहिली आणि बिट एकाच गतीने आत गेले, तर चिरा चांगला आहे. बिट अचानक इंचभर आत धसले आणि त्याच्या खाचांत ओलसर पिवळी माती चिकटून आली, तर ती जागा सोडायची. कितीही महागडा फास्टनर तिथे उपयोगाचा नाही.

माझ्या पसंतीने सांगायचे तर पहिला पर्याय लिंटेलच्या काँक्रीट पट्टीचा. ती साधारण 7 फुटांवर असते आणि गिझरचे हुकही त्याच सुमारास येतात, त्यामुळे पट्टी भिंतभर असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. सळई लागली तर भोक थोडे सरकवायचे, सळई कापायची नाही. पट्टी नसेल तर दुसरा पर्याय आरपार बोल्टचा. 10 मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा आट्यांचा रॉड भिंतीतून पलीकडे काढायचा आणि तिथे चार बाय चार इंचाची, निदान 5 मिलिमीटर जाडीची पट्टी लावून नट आवळायचा. मग भार एका भोकाच्या कडेवर न राहता पलीकडून अख्ख्या चिऱ्यावर पसरतो. पलीकडची बाजू बाहेरची असेल तर भोक बाहेरच्या अंगाला किंचित उतरते पाडावे आणि पट्टीभोवती सीलंट भरावे, नाहीतर पावसाळ्यात त्याच वाटेने पाणी आत येते. तिसरा पर्याय म्हणजे भिंतीत सहा इंच चौरस आणि तेवढाच खोल, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा गाळा खोदून त्यात वाकवलेले बोल्ट बसवून काँक्रीट भरणे. हा उत्तम टिकतो, पण त्याला निदान आठवडाभर पाणी मारावे लागते आणि त्यानंतरही मी आणखी काही दिवस जाऊ देतो. मिस्त्रींना दोन आठवडे थांबायला सांगा म्हटले ते यासाठीही.

समुद्र जवळ असल्यामुळे धातूकडे लक्ष द्या. खोक्यात येणाऱ्या हुकांवर जस्ताचा पातळ मुलामा असतो आणि खाऱ्या हवेत तो दोन-तीन पावसाळ्यांत जातो. बाहेरून तांबूस डाग दिसेपर्यंत भिंतीच्या आतला भाग बराच झिजलेला असतो. हुक, रॉड, नट, वॉशर सगळे 304 प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावे, आणि घर अगदी पुळणीलगत असेल तर 316 प्रतीचे.

हुक बसले की गिझर लगेच टांगत नाही. हुकांवर अँगलचा तात्पुरता ब्रॅकेट अडकवून, भिंतीपासून सहा-सात इंच पुढे, पाण्याने भरलेले कॅन टांगतो, एकूण 50 किलोचे, म्हणजे खऱ्या भाराच्या दुप्पट. वॉशरभोवती पेन्सिलीने रेघ ओढून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी वॉशर रेघेपासून केसभरही हलला असेल किंवा गिलाव्याला बारीक तडा दिसला, तर ती जागा बाद. ही सवय मला एका चुकीनंतर लागली. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी मी खोक्यातलेच फास्टनर चिऱ्यात मारले होते. सात-आठ महिन्यांनी रात्री एक हुक निसटला, गिझर एका हुकावर आणि पाण्याच्या पाइपवर लोंबकळत राहिला, आणि पहाटे पाइप तुटून वरची टाकी न्हाणीत रिकामी झाली. कोणाला इजा झाली नाही, पण ते पाणी वायरच्या पाइपमधून स्वयंपाकघरातल्या बोर्डापर्यंत पोहोचले होते.

आता तो व्हॉल्व्ह, ज्याला टोपी लावायची असे मिस्त्री म्हणतात. थंड पाणी गिझरमध्ये शिरते तिथे बसणारा हा पितळी तुकडा दिसायला लहान, पण त्यात दोन-तीन कामे एकत्र केलेली असतात. एक झडप पाण्याला गिझरमध्ये जाऊ देते, पण परत टाकीकडे येऊ देत नाही, म्हणून टाकी रिकामी झाली तरी गिझर रिकामा होत नाही आणि हीटर कोरडा जळत नाही. दुसरी झडप स्प्रिंगने दाबलेली असते आणि आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की उघडते; आपल्याकडच्या घरगुती गिझरसोबत येणाऱ्या व्हॉल्व्हवर ही मर्यादा बहुधा 8 बार असते. काही व्हॉल्व्हमध्ये खूप उष्णतेने वितळणारा प्लगही असतो.

ठिबकण्याचे कारण साधे आहे. पाणी तापले की फुगते. 25 अंशांचे 15 लिटर पाणी 65 अंशांपर्यंत तापवले, तर ते साधारण पाव लिटरने वाढते. नळ बंद आहेत, मागची झडप परत जाऊ देत नाही, आणि पाणी दाबून लहान होत नाही. मग या पेलाभर पाण्याने जायचे कुठे? तुमची टाकी गिझरच्या 4 मीटर वर असेल तर थंड असताना आतला दाब जेमतेम 0.4 बार असतो, पण तापू लागल्यावर तो चढत जातो आणि मर्यादेला पोहोचला की व्हॉल्व्ह थेंब-थेंब सोडू लागतो. याचा अर्थ व्हॉल्व्ह काम करतो आहे. त्याला टोपी लावली की हा दाब रोज गिझरच्या आतल्या टाकीच्या सांध्यांवर, नळाच्या वॉशरवर आणि जोडपाइपवर येतो, आणि त्यातले जे सर्वांत कमजोर ते आधी सुटते. नेहमीच्या दिवशी एवढेच होईल. पण थर्मोस्टॅट अडकला, त्याच्यावरचा कट-आउटही चालला नाही आणि पाणी तापतच राहिले, तर बंद टाकीतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण दाब त्याला उकळू देत नाही. 8 बारच्या दाबाखाली ते 170 अंशांपलीकडेही पाणीच राहते. अशी टाकी फाटली की दाब क्षणात नाहीसा होतो आणि आतल्या पाण्याचा बराच भाग तत्काळ वाफ होतो. गिझरचे स्फोट म्हणतात ते हेच, आणि ते होऊ नयेत म्हणूनच त्या बारीक तोंडातून पाणी बाहेर पडू द्यायचे असते.

तेव्हा टोपीऐवजी नळी लावा. व्हॉल्व्हच्या तोंडापासून गरम पाणी सोसणारी, म्हणजे सीपीव्हीसीची नळी सतत उतारावर जमिनीजवळच्या मोरीपर्यंत आणावी, वाटेत कुठे चढ किंवा तोटी नको, आणि शेवटचे टोक जमिनीच्या पाच-सहा इंच वर, उघडे आणि डोळ्यांना दिसेल असे ठेवावे. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मधेही कुठली तोटी नसावी. पाणी बंद करायची तोटी व्हॉल्व्हच्या आधी, टाकीच्या बाजूला बसवायची. काही जण नळीचे टोक भिंतीतून बाहेर काढतात. आपल्या भागात मी तसे करत नाही, कारण कुंभारमाशी महिन्याभरात त्यात मातीचे घर बांधते आणि मग नळी असून नसल्यासारखी होते. मी अशी एक नळी कापून पाहिली होती, बोटभर लांबीची माती आत विटेसारखी घट्ट बसली होती.

ठिबकण्यावरून बरेच कळते. गिझर चालू असतानाच थेंब पडत असतील आणि थंड झाल्यावर थांबत असतील, तर सगळे ठीक. थंड असतानाही सतत पडत असतील तर झडपेत कचरा अडकला आहे किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. व्हॉल्व्हची लहान दांडी दोन-चार वेळा उचलून पाणी जोरात वाहू द्यावे, बऱ्याचदा कचरा निघून जातो. कधीच थेंब पडत नसेल तर गिझर चालू असताना व्हॉल्व्हच्या मागच्या, टाकीकडच्या पाइपला जपून हात लावून पाहावा. तो वीतभर अंतरावरही गरम लागला तर मागची झडप गळते आहे आणि वाढलेले पाणी उलटे टाकीकडे जाते आहे. आणि दांडी उचलूनही नळीतून पाणी येत नसेल, तर व्हॉल्व्ह जाम झालेला आहे. तो उघडून साफ करत बसू नये, बदलावा. ही दांडी दर दोन महिन्यांनी एकदा, गिझर थंड असताना उचलायची. नळीतून वाफ किंवा उकळते पाणी जोरात येऊ लागले तर मात्र बाहेरचा स्विच लगेच बंद करावा, न्हाणीत जाऊ नये, आणि थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय गिझर पुन्हा चालू करू नये.

अर्थिंगवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण इथेच लोक स्वतःची समजूत काढून घेतात. गावाकडे बहुतेक घरांना महावितरणकडून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात. अर्थिंग आपल्या अंगणातल्या खड्ड्यातून आपणच करायचे असते. म्हणजे गिझरच्या बॉडीवर वीज उतरली, तर तिचा परतीचा मार्ग तुमच्या खड्ड्यातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरपर्यंत असा जातो. हा मार्ग किती मोकळा, हे त्या मातीवर अवलंबून असते.

सड्यावरच्या एका घराचे आकडे देतो, ते मी स्वतः अर्थ टेस्टरने मोजलेले आहेत. खड्डा घराच्या दर्शनी बाजूला, कातळात जेमतेम तीन फूट खणलेला होता. ऑगस्टमध्ये त्याचा रोध 9 ओम होता, मे महिन्यात तोच 58 ओम झाला, कारण जांभ्यातले पाणी उन्हाळ्यात पार उतरते. आता समजा मे महिन्यात गिझरचा हीटर फुटला आणि फेज बॉडीला लागला. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा रोध 5 ओम धरला, तर एकूण 63 ओम, आणि 230 व्होल्टना 63 ने भागले की प्रवाह येतो साडेतीन अँपिअरच्या आसपास. 2 किलोवॉटचा गिझर एरवीच पावणेनऊ अँपिअर ओढतो. मग जादा प्रवाह झाला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या 16 अँपिअरच्या एमसीबीला या साडेतीन अँपिअरची खबर तरी कशी लागणार? ती पडत नाही. आणि बॉडीवर, म्हणून नळावर आणि पाण्यावर, 210 व्होल्ट उभे राहतात, तेही अर्थिंग केलेले असताना. पावसाळ्यातल्या 9 ओमवरही एमसीबी लगेच पडत नाही, कारण तिला क्षणात पडायला तिच्या नेमक्या क्षमतेच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. म्हणून आपल्या प्रकारच्या पुरवठ्यात नुसत्या अर्थिंगवर आणि एमसीबीवर विसंबता येत नाही.

इथे आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते आणि 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 0.03 अँपिअरचा फरक दिसला की दोन्ही तारा तोडते. वरच्या उदाहरणात फरक साडेतीन अँपिअरचा आहे, त्यामुळे ती डोळ्याचे पाते लवायच्या आत पडेल, खड्डा 9 ओमचा असो की 58चा. मग कोणी विचारते, अर्थिंगच नसेल आणि फक्त आरसीसीबी असेल तर? तेव्हा बॉडीवर वीज उतरली तरी तिला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून दोन तारांतल्या प्रवाहांत फरक दिसत नाही आणि आरसीसीबी शांत राहते. पहिली वाट मिळते ती ओल्या फरशीवर उभे राहून नळाला हात लावणाऱ्या माणसातून. ती तेव्हा पडेल, पण झटका बसल्यावर. अर्थिंग असेल तर कोणी हात लावण्याआधीच पडेल. दोन्ही लागतात, ते यासाठी.

तुमचे सॉकेट तपासताना वायरमनने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, सॉकेट उघडून अर्थच्या मोठ्या पिनला हिरवी तार खरोखर जोडलेली आहे आणि ती घरातल्या मुख्य बोर्डापर्यंत, म्हणजे डीबीपर्यंत, अखंड आहे, हे पाहणे. न्यूट्रलपासून एक लहान तुकडा अर्थच्या पिनला जोडून ठेवलेला असेल, तर तो तत्काळ काढायचा. ही युक्ती फार पसरलेली आहे आणि ती जीवघेणी आहे: वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला की हीटरमधून आलेली वीज त्याच तुकड्यावाटे बॉडीवर येते. शिवाय तुकडा असेल तर गिझरमधली गळती त्याच न्यूट्रलमधून परत जाते आणि आरसीसीबीला फरक दिसतच नाही. दुसरी, मल्टिमीटरवर किंवा टेस्ट दिव्यावर समाधान न मानणे. मल्टिमीटर इतका थोडा प्रवाह ओढतो की गंजून केसाएवढ्या उरलेल्या तारेवरही तो पुरे 230 दाखवतो. 100 वॉटच्या दिव्याचा स्वतःचा रोध सुमारे 530 ओम असतो, त्यामुळे 58 ओमचा खड्डाही त्याला फारसा मंद करत नाही. दिवा लागला म्हणजे तार जोडलेली आहे एवढेच कळते, खड्डा चांगला आहे हे नाही. तिसरी म्हणून अर्थ टेस्टरने प्रत्यक्ष ओम मोजणे, आणि तेही एप्रिल-मे महिन्यात.

वर सांगितलेल्या घरी आम्ही खड्डा हलवला. मागच्या दारी, न्हाणीचे सांडपाणी माडाला जाते तिथे, पाटाच्या कडेने, घराच्या पायापासून दीड-दोन मीटर दूर, जमीन बारमाही ओली होती. तिथे अडीच मीटर लांबीचा, 40 मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, आणि पुढच्या मे महिन्यात रोध 7 ओम भरला. माडाला पाणी आणि अर्थिंगला ओल, दोन्ही एकाच पाटातून. खड्ड्याच्या तोंडाशी जिथे तार पाइपला आवळली आहे, तो सांधा झाकणाखाली दिसेल असा ठेवावा, स्टेनलेसचा बोल्ट वापरून ग्रीस लावावे आणि दरवर्षी पावसाळ्याआधी उघडून पाहावे. खारी हवा आधी तोच सांधा खाते.

आरसीसीबी गिझरसाठी वेगळी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. अख्ख्या घराला एकच असली की पावसाळ्यात अंगणातल्या दिव्यात किंवा विहिरीच्या पंपात ओल गेली तरी सगळे घर अंधारात जाते, मग कंटाळून कोणीतरी तिला बाजूला सारून थेट तारा जोडतो, आणि गिझरचे संरक्षणही त्याबरोबर जाते. तिच्यावरचे टेस्टचे बटण दर महिन्याला एकदा दाबायचे. दाबल्यावर ती पडली नाही तर ती निकामी आहे. तुमचे भाऊ-बहीण मुंबईला असतील आणि घर गणपती-शिमग्यापुरतेच पुरे वापरात येत असेल, तर बंद राहिलेल्या गिझरचा हीटर हवेतली ओल शोषून घेतो आणि पहिल्या दिवशी आरसीसीबी पडते, हेही लक्षात असू द्या. तेव्हा ती बाजूला सारायची नसते. वायरमनकडून हीटर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, तपासून घ्यायचा, आणि गरज पडली तर बदलायचा.

टाकीच्या धातूबद्दल थोडेच. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीचे पाणी मचूळ होत असेल तर आतून काचेचा मुलामा असलेली टाकी घ्यावी, कारण मिठाचे पाणी साध्या स्टेनलेसला वेल्डिंगच्या सांध्यांपाशी बारीक भोके पाडते. तिच्यातला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड स्वतः झिजून टाकीला वाचवतो. तो वर्षाने एकदा काढून पाहावा आणि निम्म्याहून बारीक झाला असेल तर बदलावा. बाहेरची बॉडी प्लास्टिकची असलेली बरी.

गिझर टांगून पाइप जोडले की लगेच बटण दाबायचे नाही. आधी गरम पाण्याचा नळ उघडून ठेवावा, मग थंड पाण्याची तोटी सोडावी. नळातून सुरुवातीला हवा फुरफुरत येते, मग पाणी थांबून-थांबून, आणि टाकी भरली की अखंड धार लागते. धार लागल्यावर नळ बंद करून सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहावेत, आरसीसीबीचे बटण दाबून ती पडते याची खात्री करावी, आणि मगच 2 किलोवॉटचा गिझर वीस-बावीस मिनिटे चालू ठेवून नळीच्या टोकाशी पहिला थेंब येतो का ते बघत उभे राहावे. तो थेंब आई-वडिलांनाही दाखवा, म्हणजे पुढे कोणी पुन्हा टोपी घेऊन आले तर तेच त्याला थांबवतील.